मनीची सोय आधी, दवाखान्याची पिशवी नंतर

अगं, गुडघ्याच्या वाट्या बदलायचं ऑपरेशन तू दुसऱ्यांदा पुढं ढकललंस. कारण विचारलं तर म्हणालीस, "ताई, मनीला कोण बघणार?" तुझा लेक फोनवर हसला असेल, सुनेला ते खुळेपण वाटलं असेल, पण मला नाही वाटलं. मांजर सांभाळणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायका याच एका काळजीपायी दवाखान्यात भरती व्हायला तयार होत नाहीत. म्हणून आज तुझ्याशी जरा निवांत बोलायचं ठरवलं. काळजी खरी असली तरी तिला उत्तर आहे, आणि ते तुझ्या वसमतच्या घरात बसून लावता येतं.

मेहुणे गेल्यानंतरचं ते वर्ष मला आठवतं. सकाळी केलेली भाजी तू रात्रीपर्यंत पुरवायचीस. कधी नुसता दहीभात, कधी चहा-बिस्किटावर दिवस काढायचीस. संध्याकाळी मी फोन केला की तुझा आवाज घोगरा यायचा, कारण सकाळपासून तू कुणाशी एक शब्द बोललेली नसायचीस. मनी आली आणि ते बदललं. आता ती उजाडायच्या आत उशाशी येऊन पंजानं तुझा गाल चाचपते. नखं आत ओढून, नुसत्या गादीनं. तू कूस बदललीस तर दुसऱ्या बाजूनं येते. मग तुला उठावंच लागतं, तिची वाटी भरावी लागते, आणि एकदा ओट्याशी उभी राहिलीस की तुझा चहा होतो, पोळी होते. दिवसभर तुझं बोलणं चालू असतं, "सरक गं", "आत्ता नको", "ये, ऊन आलंय बघ". फोनवर मला ते ऐकू येतं आणि बरं वाटतं.

मांजर पाळल्यानं बीपी उतरतं, साखर कमी होते, असलं काही मी तुला सांगणार नाही. त्याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. मी एवढंच बघते की तुझ्या दिवसाला वेळापत्रक आलं आणि रात्री घरात दुसरा श्वास आला. आपल्या भागात त्या श्वासाची किंमत वेगळीच आहे. वसमत, कळमनुरी, औंढ्याच्या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येतात हे काही नवं नाही. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास 4.5 रिश्टरचा धक्का बसला, पुन्हा 10 जुलैला सकाळी तेवढाच. तेव्हा तू मनीला शोधत घरात थांबली होतीस. असं पुन्हा करू नकोस बाई. धक्का बसला की मांजर कपाटाखाली, धान्याच्या कोठीमागं दडी मारतं आणि कितीही हाक मारली तरी येत नाही. तू बाहेर पड, मागचं दार उघडं ठेव. सगळं शांत झालं की ती आपली आपण निघते.

आता मुद्द्यावर येते. मांजराची सोय म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा मरणाचा विचार येतो, 'माझ्यामागं हिचं काय?' पण त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी जास्त वेळा येतो तो दवाखाना. न्हाणीघरात पाय घसरतो, शेजारी 108 ला फोन करतात, गाडी येते, घाईत कुणीतरी घराला कुलूप लावतं आणि सगळे नांदेडच्या वाटेला लागतात. मनी कुलपाच्या आत राहिली की बाहेर, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. लेक पुण्याहून थेट दवाखान्यात पोचतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू सलाईनवर असताना विचारतेस, "मनीला कुणी काही घातलं का?" आणि सगळे एकमेकांकडं बघतात.

ते तीन दिवस मांजराच्या जिवावर बेतू शकतात. कुत्रा चार दिवस उपाशी राहिला तरी बहुतेक वेळा सावरतो. मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर त्याच्या अंगातली चरबी सुटून यकृतात साचायला लागते आणि यकृतच काम करेनासं होतं. अंगानं भरलेल्या मांजराला हा धोका जास्त, आणि आपली मनी गुटगुटीत आहे. शिवाय वाटी भरलेली असली तरी माणूस नाहीसं झालं म्हणून घाबरून न खाणारी मांजरं असतात. म्हणून जो कुणी बघेल त्यानं नुसती वाटी भरून भागत नाही, ती रिकामी झाली का तेही बघायला हवं. दोन दिवस वाटी तशीच राहिली, डोळ्यांत किंवा कानाच्या आतल्या बाजूला पिवळेपणा दिसला, तर थेट पशुवैद्याकडं न्यायचं. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात असतात तरी पहिला सल्ला देतात. तपासण्या, सलाईन, भरती लागली तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. तिथल्या चिकित्सालयाचा नंबर आणि वेळ आत्ताच विचारून ठेव.

तर तुला दोन माणसं लागणार आहेत, एकानं भागणार नाही. एक जवळचं, जे तासाभरात दार उघडू शकेल. दुसरं असं, जे तू परत आलीच नाहीस तर मनीला कायमची ठेवून घेईल. ही दोन कामं वेगळी आहेत आणि बहुतेक वेळा माणसंही वेगळीच निघतात. जवळच्यासाठी तुझी भिंतीपलीकडची शेजारीण मला योग्य वाटते. तिच्याकडं घराची दुसरी किल्ली आज देऊन टाक. कायमच्या माणसासाठी मात्र नीट समोर बसून विचार. "आम्ही बघू की, तू कशाला काळजी करतेस" हे लेकाचं बोलणं प्रेमाचं आहे, पण ते होकारात धरू नकोस. त्याचा पुण्यातला फ्लॅट भाड्याचा आहे, घरमालक काय म्हणेल माहीत नाही, नातीला धुळीचा दमा आहे. त्याला सरळ विचार, "मनीला घरात ठेवून घेशील? आठ वर्षं?" मांजर घरात जपलं तर चौदा-पंधरा वर्षं सहज जगतं, काही अठराच्याही पुढं जातात. मनी सातची आहे. तो नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नकोस. ते आज कळलं हे बरं झालं. परभणीची आपली भाची गेल्या दिवाळीत मनीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. तिला विचार. तिच्या नवऱ्यालाही विचार.

होकार मिळाला की सराव कर. सराव म्हणजे, तू घरात असतानाच आठवड्यातून दोनदा शेजारणीनं सकाळची वाटी भरायची आणि तू आतल्या खोलीत बसून राहायचंस. मांजर आपलं माणूस ठरवतं ते वासानं, आवाजानं आणि खाणं कुणाच्या हातून येतं त्यावरून. महिनाभरात मनी तिच्या पावलाला ओळखायला लागेल. मग एक रात्र तू माझ्याकडं हिंगोलीला ये आणि सकाळी फोन करून विचार, खाल्लं का, घाण कुठं केली, किती वेळ लपली होती. काय चुकतं ते या एका रात्रीत कळतं. मनी नव्या माणसाला बघून कोठीमागं गेली तर तिला ओढून काढायचं नाही. वाटी ठेवून, दोन शब्द बोलून निघून यायचं, हे शेजारणीला आधीच समजावून सांग.

आणि एक कागद लिही. एकच पान, मोठ्या अक्षरात, मराठीत. मनीचं वय, खूण (पाठीवर पिवळे-काळे ठिपके, डावा कान किंचित फाटलेला), नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस कधी दिली ती तारीख, डॉक्टरांचा नंबर, तुझ्या दोन्ही माणसांचे नंबर. खाण्याचं सविस्तर लिही, कारण गोंधळ तिथंच होतो. तुझ्या गळ्यात माळ, घरात अंडं येत नाही, म्हणून शेजारीण मायेनं दूधपोळीच पुढं करणार. मांजराचं शरीर मांसातल्या टॉरिन नावाच्या घटकावाचून चालत नाही. तो मिळाला नाही तर हृदय आणि दृष्टी दोन्ही जातात. आणि मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब लागतात. पुड्यातलं कोरडं खाणं तू वेगळ्या डब्यात ठेवतेस तेच बरोबर आहे. या बाबतीत कुणी देवाधर्मावरून बोललं तर सांग, नर्सीच्या नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची गोष्ट सांगतात, आणि नर्सी आपल्याच जिल्ह्यातली आहे. कागदावर लिही, रोज साधारण 60 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ मिळून, बाजूला पाणी भरपूर. शेजारणीला ग्रॅम कळायचे नाहीत, म्हणून त्या मापाची वाटीच डब्यात टाकून ठेव.

या कागदाची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटव, एक शेजारणीकडं दे. आणि एक छोटी चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये आधार कार्डाला लावून ठेव. 'घरी मांजर एकटं आहे, या नंबरवर फोन करा', एवढंच. रस्त्यात काही झालं, तू बेशुद्ध असलीस, तर पोलीस किंवा दवाखान्यातली माणसं पहिल्यांदा पर्सच उघडतात.

पैशाचं बोलायला संकोच करू नकोस. शेजारीण मागणार नाही आणि तू दिले नाहीस तर दुसऱ्या महिन्यापासून तिला ते जड होईल. मनीला महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास खाणं लागतं, पुड्याप्रमाणे सहाशे-आठशे रुपये धर. वर वाळू, एखादं औषध. बाराशेचा हिशेब करून तीन महिन्यांचे छत्तीसशे रुपये पाकिटात घालून कागदासोबत शेजारणीकडं ठेव. खाण्याचा एक पुडा कायम शिलकीत असू दे.

हे सगळं जमलं की ऑपरेशनची तारीख घे. ठरवून होणारं ऑपरेशन हे या सगळ्याच्या परीक्षेला फार चांगलं आहे, कारण दिवस आपल्या हातात असतो. दवाखान्यात चार-पाच दिवस जातील, तेवढं शेजारीण निभावेल. खरी कसोटी नंतरची आहे. लेक म्हणेल, "आई, सहा आठवडे पुण्याला चल." मग मनी सहा आठवडे कुलूपबंद घरात नुसत्या दोन वाट्यांवर राहील, ते मला पटत नाही. त्यापेक्षा मीच तुझ्याकडं येऊन राहते. ते मी मनाशी ठरवलंय, नाही म्हणू नकोस. पण त्या दिवसांत मनीपासून तुलाही जपायचंय. वॉकर घेऊन चालताना मांजर पायांत घोटाळलं तर नवा गुडघा आणि कमरेचं हाड दोन्ही धोक्यात येतील. तिच्या गळ्यात घुंगरू बांध, झटका दिला की आपोआप सुटणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे कशात अडकली तर फास बसणार नाही. वाटी जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेव, म्हणजे तुला वाकावं लागणार नाही आणि तिला उडी मारून खाता येईल. रात्री उठण्याआधी दिवा लाव, दिव्याचं बटण उशाशी घे. टाके निघेपर्यंत ती पायावर झोपणार नाही, हे मी बघेन. आणि वेदनेच्या गोळ्यांची डबी झाकण लावून कपाटात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, आणि आपल्या वयात गोळी हातातून निसटून पलंगाखाली जाणं रोजचंच आहे. पडलेली गोळी सापडेपर्यंत मनीला त्या खोलीत सोडायचं नाही.

आता मृत्युपत्राचं. रतन टाटा 9 ऑक्टोबर 2024 ला गेले, नंतर त्यांच्या मृत्युपत्राच्या बातम्या आल्या. त्यांचा टिटो नावाचा जर्मन शेफर्ड कुत्रा त्यांच्या जुन्या स्वयंपाक्यानं सांभाळावा असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि पाळीव प्राण्यांसाठी बारा लाख रुपये, दर तिमाहीला प्रत्येकी तीस हजार, अशी तरतूद केली होती. आपल्याकडं तेवढा पैसा नाही, पण रीत बघ. एक नाव घेतलेलं, रोज त्या प्राण्याजवळ असलेलं माणूस, आणि एकदम न देता टप्प्याटप्प्यानं पैसा. आपल्या कायद्यात प्राणी स्वतःच मालमत्ता धरला जातो, त्यामुळं मनीच्या नावावर काही ठेवता येत नाही. ठेवायचं ते भाचीच्या नावावर, 'मनीच्या सांभाळासाठी' असं लिहून. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. तू सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्या दोघांच्या सह्या हव्यात. साक्षीदार भाचीकडचे घेऊ नकोस, तिसरेच असू देत. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढं वाद नको म्हणून दुय्यम निबंधकाकडं करून घेतलेली बरी. तरी एक लक्षात ठेव, मृत्युपत्र उघडायला तेराव्यानंतरचा दिवस उजाडतो आणि मनीला त्याच संध्याकाळी भूक लागणार असते. शिवाय भाचीनं खरंच सांभाळलं का हे बघायला कुणी येत नाही. म्हणून कागदापेक्षा भाचीची पारख मोठी.

एक अवघड गोष्ट राहिली, ती तुला दुसरं कुणी सांगणार नाही. तू असतानाच मनीला द्यायची वेळ येऊ शकते. ती ओळखायची कशी? मनीची वाटी दोनदा भरली जाते किंवा भरलीच जात नाही, पाणी दुपारपर्यंत आटलेलं असतं, वाळूची पेटी तीन-तीन दिवस तशीच राहते, तिच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. तुझं तुला ते दिसणार नाही, म्हणून शेजारणीला आत्ताच हक्क देऊन ठेव की दिसलं तर मला सांग. महिन्यातून एकदा शेजारीण मनीला उचलून वजनकाट्यावर उभी राहील, मग एकटी उभी राहील. दोन्हीतला फरक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. चार किलोची मांजर साडेतीनवर आली तर बोलायची वेळ झाली. तेव्हा रडून घे, पण टाळू नकोस. तू असताना दिलीस तर तिच्या सवयी भाचीला तुझ्या तोंडून कळतील आणि तू परभणीला जाऊन तिला बघूही शकशील.

फक्त एवढं कर, कुणी कितीही सांगितलं तरी 'औंढ्याच्या देवळाजवळ सोडू, तिथं खायला मिळतं' हे ऐकू नकोस. घरात वाढलेलं मांजर अनोळखी जागी कुत्र्यांच्या, गाड्यांच्या तावडीत सापडतं, तिथल्या मांजरांकडून मार खातं आणि घराच्या दिशेनं चालत सुटतं. खायला-प्यायला मिळणार नाही अशा जागी प्राणी टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

भाचीकडं नेताना पोत्यात घालायचं नाही, झाकणाच्या टोपलीत न्यायचं. ती टोपली आजपासूनच पलंगाशेजारी उघडी ठेव, आत तुझ्या जुन्या सुती लुगड्याची घडी घाल, म्हणजे मनी आपण होऊन तिच्यात झोपायला लागेल. ते लुगडं धुऊ नकोस, तसंच सोबत जाऊ दे. भाचीला सांग, पहिले दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेव, खिडक्यांना जाळी हवी, तेच खाणं, तीच वाळू, आंघोळ बिलकूल नाही. पहिले दोन दिवस ती पलंगाखालून निघणार नाही, रात्री निघून खाईल. सकाळी वाटीतलं किती कमी झालं ते भाचीनं बघायचं आणि तुला फोन करून सांगायचं.